वाचायचा चष्मा सुटला, तोच मोतीबिंदू होता

प्रश्न: आई ६४ वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात तिला वाचायला चष्मा लागेनासा झाला, म्हणून आम्ही खूष होतो. आता दूरचं धूसर दिसतं आणि डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून लेन्स टाकू. चांगली लेन्स अशी गढूळ का होते? ड्रॉप्सने उतरत नाही का? आणि टाकलेली लेन्स नेमकं काय करते, तिचा नंबर कसा काढतात?

उत्तर:

चष्मा सुटला आणि दूरचं धूसर झालं, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्हीच्या मागे एकच कारण आहे आणि ते कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

डोळ्यातली लेन्स बाहुलीच्या मागे असते. साधारण ९ ते १० मिलिमीटर रुंद आणि या वयात साडेचार मिलिमीटरच्या आसपास जाड. तिच्याभोवती एक पातळ पारदर्शक पिशवी असते आणि आत लांबच लांब तंतूंसारख्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात. या पेशी मुळात विचित्र आहेत. प्रकाश अडू नये म्हणून त्या वाढताना स्वतःचं केंद्रक आणि आतली सगळी यंत्रणा टाकून देतात. मागे उरतं ते पाणी आणि प्रथिनं. वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश भाग निव्वळ प्रथिनं. एवढी दाटी असूनही लेन्स पारदर्शक राहते, कारण ही प्रथिनं अतिशय लहान आणि एकसारखी पसरलेली असतात. कुठेही गुठळी नाही, त्यामुळे प्रकाश आडवातिडवा फेकला जात नाही.

पण यंत्रणा टाकून दिल्याची किंमत मोजावी लागते. अशी पेशी नवीन प्रथिन बनवू शकत नाही आणि बिघडलेलं काढूनही टाकू शकत नाही. शिवाय लेन्स आयुष्यभर वाढत राहते. नवे तंतू बाहेरच्या बाजूला चढतात, जुने मध्याकडे ढकलले जातात. म्हणजे आईंच्या लेन्सच्या अगदी मध्यभागी असलेली प्रथिनं त्यांच्या जन्माआधीची आहेत. शरीरात इतका जुना आणि इतका न बदललेला माल फार थोड्या ठिकाणी सापडतो.

या प्रथिनांना क्रिस्टॅलिन म्हणतात. त्यांच्यातलं एक, अल्फा क्रिस्टॅलिन, राखणदारी करतं: शेजारचं प्रथिन उलगडायला लागलं, चिकट झालं, की त्याला धरून ठेवायचं आणि दुसऱ्याला चिकटू द्यायचं नाही. हा राखणदारही नवा येत नाही. चाळिशीच्या आसपास लेन्सच्या मध्यभागातला त्याचा मोकळा साठा संपत येतो. दुसरा बचाव म्हणजे ग्लुटाथायोन नावाचं रसायन. ते ऑक्सिजनमुळे होणारं नुकसान थोपवतं, पण लेन्सला रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे ते कडेला तयार होऊन आत झिरपत जावं लागतं. वयाबरोबर ही झिरपण मंदावते आणि मध्यभाग उघडा पडतो. मग प्रथिनांचं ऑक्सिडेशन होतं, ती एकमेकांत अडकतात आणि गुठळ्या बनतात.

ऑक्सिजनचा हा वाटा किती मोठा आहे, याचा पुरावा आम्हाला डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, शस्त्रक्रियांमधून दिसतो. लेन्सच्या मागे जेलीसारखा पदार्थ असतो. पडद्याच्या काही आजारांत तो काढावा लागतो. पन्नाशी उलटलेल्या ज्या माणसाची ही जेली काढली, त्याच्या त्या डोळ्यात बहुतेक वेळा दोनेक वर्षांतच मोतीबिंदू होतो, तोही मध्यभागाचा. जेली असेपर्यंत ती लेन्सपर्यंत जास्त ऑक्सिजन पोहोचू देत नाही. ती गेली की हे संरक्षण जातं.

आता चष्म्याकडे वळू. गुठळ्या होत असताना सुरुवातीला मध्यभाग गढूळ दिसण्याआधी दाट होतो. दाट म्हणजे तिथे प्रकाश जास्त वळतो. लेन्सची ताकद वाढते आणि डोळा हळूहळू मायनस नंबरकडे सरकतो. आईंना पूर्वी दूरचं विनाचष्म्याचं चांगलं दिसत असेल आणि वाचायला २.५ नंबरचा चष्मा लागत असेल, असं धरू. मोतीबिंदूमुळे डोळ्याला मायनस २.५ नंबर आला की ४० सेंटीमीटरवरचं अक्षर आपोआप स्पष्ट होतं. चष्मा सुटला! पण तेवढ्याच प्रमाणात दूरचं धूसर होतं. म्हणून साठीनंतर कुणाचा वाचायचा चष्मा अचानक सुटला, तर आनंदाआधी एकदा डोळे तपासून घ्यावेत, असं मी सांगतो. दूरसाठी मायनसचा चष्मा दिला की या टप्प्यावर दिसतंही छान. काही महिने, क्वचित काही वर्षंही त्यावर निभतं.

पुढच्या टप्प्यात गुठळ्या इतक्या मोठ्या होतात की त्या प्रकाश नुसता वळवत नाहीत, विखुरतात. तिथे चष्मा हरतो, कारण विखुरलेला प्रकाश कोणत्याही काचेने पुन्हा एका जागी आणता येत नाही. रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरट दिसतात, चेहऱ्यामागे खिडकी असली तर चेहरा ओळखू येत नाही. शिवाय लेन्स पिवळी, पुढे तपकिरी होते, त्यामुळे निळे रंग मळकट वाटतात. हा बदल इतका सावकाश होतो की पेशंटला तो कळतच नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून बघितले की मग समजतं.

तपासणीच्या यंत्रावर हे स्पष्ट दिसतं. आम्ही प्रकाशाची एक पातळ उभी रेघ तिरकी डोळ्यात टाकतो. विशीतल्या माणसाच्या लेन्समधून ती जाताना अगदी फिकट राखाडी छटा दिसते, बाकी काही नाही. आईंच्यासारख्या डोळ्यात तीच रेघ लेन्सच्या मधोमध उजळून पिवळी होते, कडेला पुन्हा फिकट. तो उजळलेला भाग म्हणजे विखुरलेला प्रकाश. जो प्रकाश आमच्याकडे परत येतोय, तो पडद्यावर स्वच्छ पोहोचत नाहीये.

मोतीबिंदूचे दुसरेही प्रकार आहेत. कडेकडून आत येणाऱ्या आऱ्यांसारखा एक, आणि मागच्या पिशवीला लागून होणारा एक. हा मागचा प्रकार दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांत आणि मधुमेहात जास्त दिसतो. त्यात उलटी गंमत होते: भर उजेडात बाहुली लहान झाली की नेमका मधला डाग आड येतो, त्यामुळे उन्हात आणि वाचताना जास्त त्रास होतो. पण वाचायचा चष्मा सुटला या तक्रारीवरून आईंचा मोतीबिंदू मध्यभागाचा वाटतो.

ड्रॉप्सबद्दल. नासलेलं दूध कितीही ढवळलं तरी पुन्हा दूध होत नाही. चिकटून गुठळी झालेल्या प्रथिनाचं तसंच आहे. गुठळ्या सुटाव्यात म्हणून प्रयोगशाळेत काही रसायनं तपासली गेली. २०१५ मध्ये लॅनोस्टेरॉलची बरीच चर्चा झाली, कुत्र्यांच्या डोळ्यांवर आशादायक निष्कर्ष आले होते. पण माणसाचा मोतीबिंदू उतरवणारं सिद्ध झालेलं औषध आजही नाही. बाटलीवर तसं लिहून विकलं जात असेल तर पैसे वाचवा. त्या थेंबांनी नुकसान फारसं होत नाही, वेळ मात्र जातो.

आणि वेळेचं म्हणाल तर 'मोतीबिंदू पिकू द्या' हा सल्ला जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेतला आहे. तेव्हा पूर्ण लेन्स अख्खी बाहेर काढायची असायची आणि ती पिकलेली असली की सोपं जायचं. आता लेन्स डोळ्यातच अल्ट्रासाउंडने फोडून काढतात, त्यामुळे उलट आहे. जितकी पिकते तितकी कडक होते, फोडायला जास्त अल्ट्रासाउंड लागतं, आणि त्याचा मार कॉर्नियाच्या आतल्या थराला बसतो. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा अगदी पुढचा पारदर्शक भाग. त्या थराच्या पेशी गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. फारच पिकलेली लेन्स फुगून किंवा झिरपून डोळ्याचा दाबही वाढवू शकते. घाई नको, पण रोजची कामं अडायला लागली की ऑपरेशन करावं. मोतीबिंदू किती टक्के आहे हा आकडा त्यासाठी फार उपयोगाचा नाही.

ऑपरेशनमध्ये सगळ्यात मोलाची वस्तू असते लेन्सची पिशवी. लोकांना वाटतं आम्ही डोळ्यावरचा पडदा सोलून काढतो. प्रत्यक्षात आम्ही पिशवी डोळ्यातच ठेवतो, तिच्या पुढच्या भागाला एक गोल तोंड करतो आणि आतला माल काढतो. नवी लेन्स त्याच पिशवीत बसते.

थोडं जवळून सांगतो. थेंबांनी किंवा छोट्या इंजेक्शनने डोळा बधिर केला जातो. कॉर्नियाच्या कडेला सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटरची चीर देतात. आत एक घट्ट, पारदर्शक जेल भरतात, म्हणजे डोळा बसकट होत नाही आणि कॉर्नियाच्या आतल्या थराला हत्यार लागत नाही. मग बारीक चिमट्याने पिशवीच्या पुढच्या भागाला एक फाट पाडून ती गोलाकार फिरवत नेतात, पाच ते साडेपाच मिलिमीटरचं वर्तुळ पूर्ण होईपर्यंत. हाताची खरी परीक्षा इथे असते. वर्तुळ अखंड असलं तर कडा ताण सहन करते. कुठे फाट कडेकडे पळाली तर ती मागच्या बाजूलाही जाऊ शकते. त्यानंतर पाण्याची धार सोडून लेन्स पिशवीपासून सुटी करतात आणि अल्ट्रासाउंडने कंपन पावणाऱ्या पोकळ सुईने तिचे तुकडे करून ओढून घेतात. यालाच फेको म्हणतात. ही पद्धत चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणली. दात साफ करायच्या अल्ट्रासाउंडच्या यंत्रावरून त्यांना ती सुचली होती.

शेवटी उरते ती मागची पिशवी, जाडी केवळ काही मायक्रॉन. ती फाटली तर मागची जेली पुढे येते आणि लेन्स कुठे ठेवायची हा प्रश्न उभा राहतो. अनुभवी हातात हे क्वचित होतं, पण होतं. झालं तरी बहुतेक वेळा वेगळ्या प्रकारची लेन्स वेगळ्या जागी बसवता येते. म्हणून डॉक्टरांनी 'लेन्स ठरल्याप्रमाणे बसली का' हे नंतर सांगितलं पाहिजे, आणि तुम्ही विचारलंही पाहिजे.

पिशवी रिकामी झाली की गुंडाळलेली लेन्स त्याच चिरेतून आत जाते आणि काही सेकंदांत उलगडते. मधला गोल सहसा ६ मिलिमीटरचा असतो, बाजूला दोन वाकडे हात, टोकापासून टोकापर्यंत साधारण १३ मिलिमीटर. हे हात पिशवीला आतून टेकून लेन्स मध्यभागी धरून ठेवतात. चिरेच्या कडा पाण्याने फुगवल्या की ती आपोआप मिटते. टाका बहुधा लागत नाही. लेन्स फारच कडक असेल तर काही सर्जन सहा-सात मिलिमीटरचा बोगदा करून ती न फोडता काढतात. निकाल तितकाच चांगला येऊ शकतो, त्याला कमी समजू नका.

निसर्गाची लेन्स साडेचार मिलिमीटर जाड आणि ही जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, मग पुरते कशी? एखादा पदार्थ प्रकाश किती वळवतो हे त्याच्या अपवर्तनांकावरून कळतं. डोळ्याच्या आतल्या पाण्याचा तो १.३४ च्या आसपास, मूळ लेन्सचा १.४ च्या आसपास आणि नवी लेन्स ज्याची असते त्या ॲक्रिलिकचा साधारण १.५. म्हणजे प्रकाश वळवायला इथे कमी जाडी पुरते. तिला साठवलेला रंग नाही, गुठळ्या नाहीत, आणि त्यात सहसा अतिनील किरण अडवणारा पदार्थ मिसळलेला असतो, कारण तेही काम आधी मूळ लेन्स करत होती.

आता नंबर. चष्म्याचा नंबर ज्या एककात मोजतात ते डायॉप्टर. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर. त्यातले ४३ च्या आसपास कॉर्निया देतो, उरलेलं लेन्स. त्यामुळे दोन मापं लागतात: डोळ्याची पुढून मागे लांबी L मिलिमीटरमध्ये, आणि कॉर्नियाची ताकद K डायॉप्टरमध्ये. लेन्सच्या प्रत्येक मॉडेलचा एक ठरलेला आकडा A असतो. बसवायच्या लेन्सची ताकद P काढायचं जुनं, सोपं सूत्र असं:

P = A − 2.5L − 0.9K

समजा A ११८.४, लांबी २३.५ मिलिमीटर, कॉर्निया ४३.५. मग ११८.४ वजा ५८.७५ वजा ३९.१५, म्हणजे २०.५ डायॉप्टरची लेन्स. ही बसवली तर दूरचं विनाचष्म्याचं दिसावं. लहानपणापासून मोठा मायनस नंबर असलेल्या माणसाचा डोळा २६ मिलिमीटर लांब असू शकतो; त्याचं उत्तर १४.२५ येतं. आज यापेक्षा बरीच सुधारलेली सूत्रं वापरतात, विशेषतः खूप लांब आणि खूप आखूड डोळ्यांसाठी, पण चूक कुठे शिरते हे या जुन्या सूत्रातच नीट दिसतं.

सूत्राप्रमाणे लांबीत ०.४ मिलिमीटरची चूक म्हणजे लेन्समध्ये पूर्ण १ डायॉप्टरचा फरक. जुन्या पद्धतीत अल्ट्रासाउंडचा दांडा कॉर्नियाला टेकवून लांबी मोजतात. हात जरा दाबला गेला तर डोळा दबतो, लांबी कमी येते, लेन्स जास्त ताकदीची निघते आणि पेशंटला विनाकारण मायनस नंबर येतो. प्रकाशाने मोजणारं यंत्र डोळ्याला लागतच नाही, म्हणून जास्त भरवशाचं. पण मोतीबिंदू खूप दाट असला तर तो प्रकाशच आत पोहोचत नाही आणि पुन्हा दांड्याकडे वळावं लागतं. पिकू न देण्याचं हे आणखी एक कारण. आईंनी पूर्वी चष्मा घालवायची लेझर शस्त्रक्रिया केली असेल तर मापाआधीच सांगा. कॉर्निया बदललेला असल्याने नेहमीचं गणित चुकतं, आणि असे पेशंट बहुतेकदा प्लसकडे जातात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असतील तर मापाआधी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात.

डोळ्यात लेन्स बसवण्याची कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणली त्या हॅरॉल्ड रिडली यांनाही याच गणिताने चकवलं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे तुकडे घुसले होते आणि डोळ्यांनी ते वर्षानुवर्षं शांतपणे सहन केले, हे त्यांनी पाहिलं. त्याच जातीच्या प्लॅस्टिकची लेन्स त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये बसवली. डोळ्याने ती स्वीकारली, पण तिची ताकद फार जास्त निघाली आणि पेशंटला जबर मायनस नंबर आला.

मापं अचूक असूनही थोडा फरक राहतो, कारण लेन्स नेमकी किती आत स्थिरावेल हे आधी मोजता येत नाही, फक्त अंदाज बांधता येतो. पिशवी पुढचे काही आठवडे आक्रसते आणि लेन्स किंचित पुढेमागे होते. म्हणून चष्म्याचा पक्का नंबर चार ते सहा आठवड्यांनी काढतात.

एक गोष्ट मात्र ही लेन्स करत नाही: आकार बदलत नाही. साध्या लेन्सने एकाच अंतरावरचं स्पष्ट दिसतं. दूरचं अंतर निवडलं तर वाचायला चष्मा लागणार. आईंच्या बाबतीत हे मुद्दाम बोलून घ्या, कारण वर्षभर त्या विनाचष्म्याच्या वाचतायत. ऑपरेशननंतर 'दूरचं दिसतं, पण आता वाचता येत नाही' ही तक्रार मी पुष्कळदा ऐकतो, आणि तिचं मूळ आधी न झालेल्या बोलण्यात असतं. त्यांचा दिवस वाचण्यात आणि शिवणकामात जात असेल तर डोळा जाणूनबुजून मायनस २.५ वर ठेवता येतो. वरच्या गणितात त्यासाठी २०.५ ऐवजी २४ च्या आसपासची लेन्स लागेल. मग चष्मा दूरसाठी लागेल. अनेक अंतरांच्या लेन्सही मिळतात, पण त्या येणारा प्रकाश वाटून घेतात, त्यामुळे दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि मंद उजेडात अक्षर फिकं पडतं. पडद्याचा आजार किंवा काचबिंदू असेल तर मी त्या सुचवत नाही.

पहिल्या आठवड्यात डोळा थोडा खुपणं, पाणी येणं चालतं. पण दिसणं सुधारून पुन्हा कमी होऊ लागलं, लाली आणि दुखणं वाढत गेलं, तर सकाळपर्यंतही थांबू नका. आतला जंतुसंसर्ग हजारात एकालाही सहसा होत नाही, पण झाला तर तास महत्त्वाचे असतात.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. तसं होत नाही. पिशवीच्या कडेला राहिलेल्या काही पेशी मागच्या भिंतीवर सरकतात आणि ती गढूळ होते. याग लेझरने त्या भिंतीत मधोमध छोटं भोक पाडतात, काही मिनिटांचं काम आहे, आणि तो प्रश्न पुन्हा येत नाही.

बसवलेल्या लेन्सचं स्टिकर, मॉडेल आणि ताकदीसह, फाइलमध्ये जपून ठेवा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टर पहिल्या डोळ्यात ठरवलेला नंबर आणि प्रत्यक्ष आलेला नंबर ताडून बघतात. अर्धा नंबर इकडेतिकडे झाला असेल तर दुसऱ्या डोळ्याची लेन्स निवडताना त्याची भरपाई करता येते, पण त्यासाठी पहिल्या डोळ्याचा पक्का नंबर निघेपर्यंत थांबावं लागतं.